रेंज नसलेल्या डोंगरात अडकलात तर नेमकी जागा कशी कळवाल?

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत सोबत्याचा पाय मोडला आहे आणि फोनची एकच दांडी येते-जाते आहे, असं समजा. ‘आम्ही हरिश्चंद्रगडावर आहोत’ एवढ्याने भागत नाही. पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यात, खिरेश्वर पुण्यात आणि बेलपाडा ठाण्यात येतं. चुकीच्या बाजूने पथक निघालं की तास वाया जातात.

आधी अक्षांश-रेखांश मिळवा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. मात्र नेट नसताना उपग्रह पकडायला फोनला काही मिनिटं लागू शकतात, आणि कड्याला चिकटून उभं राहिलात तर आकडा भरकटतो. शक्य असेल तर आकाश दिसेल अशा सुरक्षित जागी या. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा, मगच आकडे टिपा. आयफोनच्या कंपास ॲपमध्येही ते खाली दिसतात.

दशांशानंतर चार अंक पुरतात, कारण चौथा अंक साधारण ११ मीटरचा फरक दाखवतो. फोनवर सांगताना ‘एकोणीस पॉइंट तीन आठ’ असं एकेक अंक उच्चारून सांगा. ऐकणाऱ्याने ते १९ अंश ३८ मिनिटं असं लिहून घेतलं, तर पथक सुमारे २८ किलोमीटर उत्तरेला जाईल. आकडे त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. उलटे सांगितलेत तर तुम्ही थेट आर्क्टिकमध्ये!

पण सह्याद्रीत आकडेही अर्धंच सांगतात. कड्याचा माथा आणि पायथा नकाशावर जवळजवळ एकाच ठिपक्यावर येतात, प्रत्यक्षात मध्ये शेकडो मीटरची भिंत असते. म्हणून वर की खाली आणि कोणत्या गावाच्या बाजूने, हे सांगाच.

११२ लावून पाहा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी हा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. नाहीच लागला तर गावातल्या किंवा घरच्या माणसाला साधा एसएमएस करा, तो ११२ ला कळवेल. व्हॉट्सॲपच्या लाइव्ह लोकेशनला नेट लागतं, ते इथे कामाचं नाही. एरवी मराठी देवनागरीतच लिहावी, पण इथे रोमन अक्षरं वापरा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. मेसेजचे तुकडे झाले की एखादा मागे राहू शकतो. नमुना असा (आकडे तुमचे घाला):

```
19.3880, 73.7670
Nalichi vaat, kadyachya KHALI, Belpada bajune
1 jakhmi, pay modla, shuddhit. Ekun 4. Battery 40%. 4.10 pm
112 la kalva
```

मेसेज गेल्याची खूण दिसल्यावर जागा सोडू नका. फोन बंद ठेवून दर तासाला ठरल्या वेळी पाच मिनिटं सुरू करा. दरड किंवा पाण्यामुळे हलावंच लागलं, तर नवे आकडे वेळेसह पाठवा आणि ‘जुनी जागा रद्द’ असं स्पष्ट लिहा.