तज्ज्ञांची मुलाखत घेताना या चुका टाळा: प्रश्नांचा क्रम, उपप्रश्न आणि कापायच्या खुणा

जूनच्या तोंडावर शेतीच्या चॅनेलवर हमखास येणारा विषय घेऊ: घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची. पाहुणे बियाण्यातले जाणकार, बोलतातही छान, आणि व्हिडिओ हवा सहा-सात मिनिटांचा. तरी एडिटिंगला बसल्यावर पाऊण तासाच्या फुटेजमधून सलग पाच मिनिटं निघत नाहीत. दोष बहुतेक वेळा पाहुण्यांचा नसतो, आपल्या प्रश्नांच्या कागदाचा असतो.

सुरुवातच चुकते. "सोयाबीनबद्दल काय सांगाल?" असं विचारलं की गाडी थेट पिकाच्या इतिहासात शिरते. त्याऐवजी "शेतकरी घरचं बियाणं घेऊन आला, तर तुम्ही आधी काय बघता?" असं विचारा. उत्तर सोपं असतं, हात हलायला लागतात, आवाज मोकळा होतो. मग चाचणीची कृती, त्यानंतर आलेल्या आकड्याचा अर्थ, मग उगवण कमी का होते (मळणीत दाण्याचं पातळ साल दुखावणं, साठवणीत ओल धरणं). विकतचं बियाणं उगवलंच नाही तर काय करायचं, हा नाजूक प्रश्न यानंतर. अगदी शेवटाला मात्र तो ठेवू नका, तोवर पाहुणे घड्याळ बघायला लागलेले असतात.

विचारण्याचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम एकच असावा लागत नाही. पण क्रम बदलायचा तर प्रत्येक उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. म्हणून कॅमेरा सुरू करण्याआधीच सांगून ठेवा: "सर, माझा आवाज काढून टाकणार आहे, तेव्हा उत्तरात विषयाचं नाव येऊ द्या." नाहीतर "हो, ते तर करावंच लागतं" असं वाक्य हाती येतं, आणि 'ते' म्हणजे काय हे बघणाऱ्याला कळत नाही. "मघाशी म्हटल्याप्रमाणे" आलं, तर तिथल्या तिथे पुन्हा बोलायला सांगा. एका दमात तीन प्रश्न तर विचारूच नका. उत्तर फक्त शेवटच्याचं मिळतं.

उपप्रश्न आयत्या वेळी सुचतील या भरवशावर राहू नये. मुख्य प्रश्नाखाली दोन लिहून ठेवावेत, एक आकड्याचा आणि एक अडचणीचा. पाहुणे म्हणाले, "उगवण चांगली असेल तर नेहमीचंच प्रमाण ठेवा." लगेच विचारा, "चांगली म्हणजे शंभरात किती?" उत्तर येतं: 70 किंवा जास्त. "आणि 60च आली तर?" मग कामाचं वाक्य मिळतं: एकरी 30 किलोऐवजी 35 किलो पेरा. उत्तर संपल्यावर मनात दोन आकडे मोजा आणि गप्प राहा. पुष्कळदा नेमकं वाक्य त्या शांततेतच येतं; नाही आलं तरी कापायला स्वच्छ जागा मिळते. मधे "हो हो, बरोबर" म्हणू नका, नुसती मान डोलवा.

आता खुणा. रेकॉर्डिंग सुरू झालं की सोबतच्याने मोबाइलचं स्टॉपवॉच लावावं आणि टाळी वाजवावी. मग कागदावर वेळ टिपत जावं. सव्वादोन मिनिटांचं एक उत्तर असं दिसेल:

12:10 ✕ आमच्या केंद्रात काय काय चालतं
12:48 ★ शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा लावा, गुंडाळून सावलीत ठेवा
13:20 ✕ शेजारच्या गावचा किस्सा
13:52 ★ सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा, 70च्या वर असतील तर ठीक
14:10 ! पण दाणे निवडून घेऊ नका, पोत्यातून सरसकट घ्या
14:25 समाप्त

चांदण्या आणि उद्गारचिन्ह ठेवलं की 135 सेकंदांचे 65 उरतात. मोठी चूक होते ती 14:10ला. उत्तराची शेपटी समजून ते वाक्य उडवलं, तर लोक टपोरे दाणे निवडतील आणि आकडा फसवा येईल. 'पण', 'मात्र', 'फक्त' यांनी सुरू होणारं वाक्य म्हणूनच ! लावून वेगळं ठेवायचं. किस्सा गाळायला वाईट वाटतं, पण तो गाळाच.

प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्हमध्ये M दाबून याच वेळांवर मार्कर टाका. काप तिथेच घ्या जिथे वाक्य संपताना आवाज खाली उतरतो. चढत्या आवाजावर कापलं की प्रेक्षकाला झटका बसतो. 13:20चा सांधा दाणे मोजणाऱ्या हातांच्या शॉटखाली लपतो, म्हणून मुलाखत संपल्यावर तो शॉट घ्याच. तो नसेल आणि मुलाखत 4K मध्ये असेल, तर 1080च्या टाइमलाइनवर फ्रेम ठसठशीत जवळ आणता येते. जेमतेम पाच टक्के झूम केलात, तर तो काप नाही, कॅमेऱ्याला धक्का लागला असं वाटतं. सामान आवरण्याआधी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून खोलीचा आवाज टिपून घ्या. पंख्याची घरघर सांध्यावर तुटली की चित्र कितीही लपवा, कान काप पकडतात.