नीट दिसत नाही, फार चालवत नाही अशा आजी-आजोबांना काय गिफ्ट द्यायचं (कपाटात न पडता रोज वापरलं जाईल असं)

शाल, चांदीचा दिवा, मिठाईचा बॉक्स हे सगळं देऊन झालेलं असतं आणि आजीच्या कपाटात पाच शाली घडी न मोडता पडलेल्या असतात. त्यामुळे दुकानात किंवा ऑनलाइन शोधायच्या आधी एक काम करा, एक अख्खा दिवस त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनी काय करायचं सोडून दिलंय ते बघा. "तुला काय हवं" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे, "मला काही नको, तुम्ही सुखात राहा."

आमची आजी सांगलीला मामाकडे असते, वय ८३, डावा गुडघा गेलेला, काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. तिचं काय सुटलं होतं? सकाळचा हरिपाठ वाचणं, आणि रात्री एकटीनं बाथरूमला जाणं, त्यासाठी ती मामीला उठवायची आणि मग तेच टाळायला संध्याकाळपासून पाणी पिणंच कमी केलं होतं. म्हणजे गिफ्ट दोनच, एक कानासाठी आणि एक रस्त्यासाठी.

आधी डोळ्यांचं नक्की काय झालंय ते कळून घ्या

"कमी दिसतं" म्हणजे सगळ्यांना सारखं कमी दिसत नाही. नुसता मोतीबिंदू असेल तर आधी डॉक्टर गाठा, ऑपरेशननं तो निघतो, आणि त्याआधी महागडं भिंग घेण्यात अर्थ नाही. काचबिंदूत बाजूचं दिसणं कमी होत जातं, असा माणूस पेपर वाचेल पण दाराच्या चौकटीला धडकेल. पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला खराब झालेला असेल तर उलटं, घरात बऱ्यापैकी फिरता येतं पण अक्षर आणि चेहरा दिसत नाही, माणूस आवाजावरून ओळखतात आणि बोलताना तुमच्याकडे जरा तिरकं बघतात. आजीचं हे असं आहे, म्हणून मोठ्या अक्षरांची पोथी तिच्या फारशी कामाची नव्हती. भिंगाचंही तेच, जितकं जास्त पॉवरचं तितकी कमी अक्षरं एका वेळी दिसतात आणि हात थरथरत असेल तर ओळच सुटते. घ्यायचंच असेल तर कागदावर ठेवता येणारं, लाइटवालं स्टँडचं भिंग घ्या, पण डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्या हातात देऊन बघूनच.

ज्यांना थोडंफार वाचता येतंय त्यांच्यासाठी भिंगाआधी वाकवता येणाऱ्या मानेचा एलईडी टेबल लॅम्प. दिवा पानापासून दोन फुटांवर होता तो एक फुटावर आणला की उजेड साधारण चौपट होतो, छतावरची ट्यूब बदलून हे कधीच होणार नाही. फक्त तो बाजूनं आणि डोळ्यांच्या खालच्या पातळीवर ठेवा, बल्ब थेट दिसला तर डोळे दिपून आहे तेवढंही दिसत नाही.

कानाचं गिफ्ट: पेनड्राइव्हचा छोटा स्पीकर

स्मार्टफोन किंवा टॅब देऊ नका, टचस्क्रीनवर बोटाला काहीच लागत नाही, आणि कोरडं बोट असलं की ती टच घेतही नाही. खरी उठून येणारी बटणं असलेला, यूएसबी आणि एफएमवाला साधा स्पीकर बघा. दुकानातच एक टेस्ट करा, मधेच बंद करून परत चालू करा. बरेच स्वस्त स्पीकर दरवेळी पहिल्या ट्रॅकपासून सुरू होतात, मग आजी रोज तोच पहिला अभंग ऐकत बसते आणि आठ दिवसांत कंटाळते. जिथं थांबलं तिथूनच पुढे लागतं असाच स्पीकर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालेल.

आता खरं काम, आणि हे देण्याआधी तुम्हीच करायचंय. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे, त्यात साध्या क्वालिटीचं शंभर तासांहून जास्त मावतं. तो कॉम्प्युटरला लावून FAT32 मध्ये फॉरमॅट करा आणि फाइल्सना आकड्यांनी सुरू होणारी नावं द्या, अशी:

```
001_haripath.mp3
002_kakad_aarti.mp3
003_kirtan_1.mp3
```

यात एक गोची आहे, पुष्कळ स्पीकर नावाचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमानं फाइल कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. म्हणून एकदम सगळ्या न टाकता एकेक करून क्रमानं कॉपी करायच्या, कंटाळवाणं आहे पण एकदाच. पहिल्या जागी त्यांची रोजची गोष्ट आणि मग कीर्तन, नाट्यगीतं, जे आवडत असेल ते. आणि नातवंडांनी आपल्या आवाजात एखादी गोष्ट वाचून रेकॉर्ड केली तर तीही घाला, आजीकडे सगळ्यात जास्त तीच वाजते.

मग बटणं. चालू-बंदच्या बटणावर एमसीलचा छोटा उंच ठिपका लावा, वाळला की कडक होतो आणि बोटाला पटकन लागतो. फक्त त्या एकाच बटणावर! सगळ्यांवर लावलं की परत सगळी सारखीच. जी बटणं नकोच आहेत, ब्लूटूथ मोड वगैरे, त्यांच्यावर जाड चिकटपट्टी मारून टाका, नाहीतर चुकून मोड बदलतो आणि "ते बिघडलं" म्हणून डबा कोपऱ्यात जातो.

रस्त्याचं गिफ्ट: सेन्सरचे दिवे

माणूस हलला की आपोआप लागणारे छोटे दिवे मिळतात. आपल्याकडे बहुतेक स्विचबोर्ड छातीच्या उंचीला असतात, तिथं प्लगवाला लावला तर जमिनीवर उजेड धड पडत नाही आणि डोळ्यात मात्र जातो. म्हणून चार्जिंगवाले, चुंबकाच्या पट्टीवर बसणारे घ्या आणि गुडघ्याच्या खाली लावा. पहिला पलंगाजवळ, पाय खाली सोडले की लागेल असा, दुसरा बाथरूमच्या दाराशी, मधे वळण असेल तर तिथं एक. हे सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला लवकर पकडतात, त्यामुळे वाटेच्या बाजूच्या भिंतीवर लावा, टोकाला नको. रंग पिवळसर. चुन्याच्या किंवा पोपडे सुटलेल्या भिंतीवर डबल टेप टिकत नाही, पलंगाचा पाय किंवा दाराची चौकट बघा. लावल्यावर रात्री घरातले सगळे दिवे बंद करून स्वतः त्या वाटेनं चालून बघा.

आणि चार्जिंग कोण करणार ते देतानाच ठरवा. आमच्याकडे मामा दर रविवारी करतो, आजीवर सोडलं असतं तर पहिल्याच महिन्यात अंधार.

दिल्यानंतर

पॅकिंग उघडून, सगळं लावून, चालू करूनच द्या. मॅन्युअल समजावून सांगू नका, त्यांचं बोट धरून बटणावर ठेवा आणि त्यांनाच चार-पाच वेळा लावायला-बंद करायला सांगा. पंधरा दिवसांनी जाऊन बघा, स्पीकरवर धूळ असेल तर बहुतेक तो हाताला लागत नाही इतक्या लांब ठेवलेला असतो. रोज बसतात त्याच खुर्चीच्या, त्याच हाताच्या बाजूला आणून ठेवा.

बजेट अगदीच कमी असेल तर काठी उलटी करून खालचं रबरी बूच बघा. रेघा गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर ती काठी घसरणार. काठीचा व्यास मोजून मेडिकल किंवा सर्जिकलच्या दुकानात जा, दोन बुचं आणा, एक लगेच बसवा आणि दुसरं मामीकडे देऊन ठेवा.