शोधनिबंधामागचा डेटा मागणारी ईमेल कशी लिहावी

आधी निबंधाच्या शेवटी डेटा कुठे आहे ते सांगणारी ओळ वाचा आणि पुरवणी फाइल्स उघडून बघा. पुष्कळदा डेटा Zenodo किंवा Dryad सारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात पडलेला असतो आणि आपण मागत बसतो. तिथे नसेल, तर संपर्क-लेखकाचा सध्याचा पत्ता संस्थेच्या पानावरून शोधा, कारण निबंधावरचा बंद पडलेला असू शकतो. विषयाच्या ओळीत निबंधाचं नाव आणि वर्ष टाका.

'मागितल्यास देऊ' या छापील आश्वासनावर विसंबू नका. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं आश्वासन दिलेल्या 1,792 निबंधांच्या लेखकांकडे डेटा मागितला गेला. तो दिला सात टक्क्यांहूनही कमी लोकांनी.

घोडं अडतं ते 'कशासाठी हवा' इथे. माझी पहिली ईमेल अशी होती: 'आपला संपूर्ण डेटा संशोधनासाठी पाठवावा, निष्कर्ष पडताळायचे आहेत.' दोनदा आठवण केली, उत्तर नाही. 'संपूर्ण' म्हटलं की समोरच्याला आठवडाभराचं काम दिसतं, 'संशोधनासाठी'मधून काहीच कळत नाही आणि 'पडताळायचे' वाचून हा चुका काढायला आलाय असं वाटतं. पडताळणीच करायची असेल तर लपवू नका, पण कुठल्या तक्त्यातला कुठला आकडा जुळत नाही ते लिहा.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट घ्या. ती लहान मुलांच्या ॲनिमियावरचे जुने अभ्यास एकत्र करत होती. निबंधात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असलेल्या मुलांची फक्त टक्केवारी होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी ही मर्यादा 10.5 वर आणली. जुन्या टक्केवारीवरून नवी काढता येत नाही, त्यासाठी प्रत्येक मुलाचा आकडा लागतो. तिने लिहिलेल्या इंग्रजी ईमेलचा गाभा असा:

'आपल्या तक्ता 2 मधल्या मुलांची नव्या मर्यादेनुसार टक्केवारी काढायची आहे. त्यासाठी तीनच रकाने हवेत: वय महिन्यांत, लिंग, हिमोग्लोबिन. नावं, जन्मतारखा, गावं नकोत. फाइल आहे तशी चालेल. डेटा फक्त या विश्लेषणासाठी वापरीन, पुढे कुणाला देणार नाही, आपल्या निबंधाचा संदर्भ देईन आणि आकडे छापण्याआधी आपल्याला दाखवीन. नैतिकता समितीची अडचण असेल तर वयोगटांनुसार नवी टक्केवारी काढून दिलीत तरी काम भागेल.'

ते शेवटचं वाक्य गाळू नका. फाइल देता येत नसली तरी लेखकाला काहीतरी देण्याची वाट त्यात आहे. सहलेखकपदाचं आमिष मात्र दाखवू नका, ते लाच दिल्यासारखं वाचलं जातं.

दोन आठवड्यांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करा. तरीही शांतता असेल तर सांख्यिकी सांभाळणाऱ्या सहलेखकाला लिहा. फाइल बहुतेक वेळा त्याच्याच लॅपटॉपवर असते.