‘फाइल डिलीट केली ती कुणी?’ : वाक्य फोडायचं कसं आणि कधी

आमच्या कामाच्या ग्रुपवर एकदा मी लिहिलं, ‘फाइल डिलीट केली ती मीनाने का?’ मला वाटत होतं, मी साधी चौकशी करतोय. पण फाइल गेल्याचंच बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. (मीना हे नाव बदललेलं आहे.) पुढची वीस मिनिटं सगळे एकच शोधत होते, की डिलीट कुणी केली. फाइल खरंच गेली आहे का, हे कुणीच पाहिलं नाही. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये सुखरूप होती.

एक शब्द कमी करून मी ‘मीनाने फाइल डिलीट केली का?’ असं विचारलं असतं, तर कुणीतरी आधी फाइल शोधली असती. फरक वाक्याच्या बांधणीत होता. एका साध्या वाक्याचे दोन तुकडे करायचे, एक तुकडा ठरलेली गोष्ट म्हणून मांडायचा आणि दुसऱ्यावर सगळा रोख ठेवायचा, अशा वाक्याला भाषाशास्त्रात क्लेफ्ट वाक्य म्हणतात. ठरलेल्या तुकड्याला आपण इथे ‘गृहीत’ म्हणू आणि उरलेल्याला ‘रोख’.

असं वाक्य बनवायची सुरुवात साध्या वाक्यापासून करा: ‘मीनाने फाइल डिलीट केली.’ यातला कोणता भाग ऐकणाऱ्याला नवा आहे, ते ठरवा. समजा ‘मीनाने’. तो भाग उचलून त्या जागी प्रश्नार्थक शब्द ठेवा: ‘फाइल कुणी डिलीट केली?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असेल, तरच पुढे जा. नसेल तर साधं वाक्य पुरे.

आता क्रियापदापर्यंतचा भाग आधी ठेवा, मग तो, ती किंवा ते, आणि शेवटी रोख: ‘फाइल डिलीट केली ती मीनाने.’ इथला ‘ती’ मीनाचा नाही, हे लक्षात घ्या. मीनाच्या जागी राहुल आला तरी वाक्य ‘फाइल डिलीट केली ती राहुलने’ असंच राहतं. सर्वनाम क्रियापदाच्या लिंग-वचनाबरोबर चालतं. म्हणून ‘दरवाजा उघडला तो वाऱ्याने’, ‘बैठक झाली ती सोमवारी’, ‘आम्ही निघालो ते पहाटे’. क्रियापद कुणाशीच जुळत नसेल, तर नपुंसकलिंगी ‘ते’ येतं: ‘त्यांनी मला बोलावलं ते फक्त ऐकायला.’ मराठी बोलणारा हे न शिकता करतो, पण इंग्रजीतून भाषांतर करताना मात्र हमखास घसरतो. ‘ती मीना होती जिने फाइल डिलीट केली’ हे वाक्य डब केलेल्या मालिकेत शोभेल. इंग्रजीचा साचा तसाच उचलल्यामुळे इथे ‘ती’ कोण याची ओळख करून दिल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रकार सूडो-क्लेफ्ट. त्यात गृहीत भाग ‘जो, जी, जे’ घेऊन येतो आणि रोख शेवटी उघड होतो: ‘ज्या व्यक्तीने फाइल डिलीट केली ती मीना’, ‘मला जे खटकलं ते म्हणजे तिचं गप्प बसणं’. यातलं ‘म्हणजे’ फार उपयोगी आहे. ‘मीनाने डिलीट केली ती फाइल’ एवढंच लिहिलं, तर वाचणारा पुढच्या शब्दांची वाट बघतो: ती फाइल… कुठे आहे? ‘मीनाने जे डिलीट केलं ते म्हणजे मूळ फाइल’ असं लिहिलं की वाक्य तिथेच पूर्ण होतं. रोखाच्या जागी लांबलचक मजकूर असेल, एखादी अख्खी कृती असेल, तर मी डोळे झाकून हाच प्रकार निवडतो.

वाक्य तयार झालं की ते तपासायचं, आणि सगळ्यात भरवशाची तपासणी नकाराची. ‘मीनाने फाइल डिलीट केली नाही, ती जागेवरच आहे’ हे ऐकायला ठीक वाटतं. आता ‘फाइल डिलीट केली ती मीनाने नाही, ती जागेवरच आहे’ म्हणून बघा. कानाला लगेच खटकतं. नकार फक्त रोखाला लागला, डिलीट झाल्याचं गृहीत तसंच उभं राहिलं, आणि पुढच्या अर्ध्या वाक्याने त्यालाच धक्का दिला. प्रश्नातही तेच होतं. माझ्या त्या मेसेजला हो म्हणा किंवा नाही म्हणा, फाइल गेलेलीच राहते. ते मोडायचं तर हो-नाहीच्या बाहेर पडून ‘थांबा, फाइल गेली असं कोण म्हणालं?’ असं अडवावं लागतं. चारचौघांत असं अडवायला माणसं कचरतात.

इथे एक शंका येईल: मराठीत ‘च’ असताना हा खटाटोप कशाला? ‘मीनानेच फाइल डिलीट केली’ यातही रोख मीनावरच आहे, आणि फाइल गेल्याचंही बहुधा धरलेलं आहे. पण ‘च’ दुसऱ्या कुणाला वाव नाही हे ठासून सांगतो. राहुलचाही हात असेल, तर ‘च’च्या वाक्याला आपण ‘नाही, राहुलनेही केली’ म्हणून खोडतो. फोडलेल्या वाक्याला मात्र ‘हो, आणि राहुलही होता’ अशी पुस्ती जोडता येते, जरी ती थोडी अवघडल्यासारखी वाटली तरी. शिवाय रोखाचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी आणला, ‘फाइल मीनाने डिलीट केली’, की निम्मं काम तिथेच होतं. मराठीत शब्दक्रम लवचीक असल्यामुळे वाक्य फोडायची गरज इंग्रजीपेक्षा कमी पडते.

दिसायला असंच, पण वेगळं एक वाक्य असतं: ‘तो गेला तो परत आलाच नाही.’ इथे ‘तो गेला तो कसा?’ अशा कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, एकामागून दुसरी घटना सांगितली जाते. तेव्हा ‘तो’ दिसला की क्लेफ्ट, असं समजू नका. प्रश्न घालून बघा.

गृहीत भाग ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असलाच पाहिजे का? भाषाशास्त्रज्ञ एलन प्रिन्स यांनी 1978 मध्ये इंग्रजीतली अशी वाक्यं तपासून दाखवलं, की सूडो-क्लेफ्टचं गृहीत त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात असावं लागतं, पण साध्या क्लेफ्टच्या एका प्रकारात ते त्याला पूर्ण नवंही असू शकतं. मराठीतही ‘आम्ही पहिल्यांदा भेटलो ते प्रवासात’ अशी गोष्टीची सुरुवात करता येते. भेट झाल्याचं ऐकणाऱ्याला माहीत नसतं, तरी तो मुकाट्याने मान्य करतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आरोप असला की मात्र हीच सोय अंगाशी येते. ‘आपण चुकलो ते नियोजनात’ असं बैठकीत म्हटलं, की चर्चा नियोजनावर होते आणि चुकलो का, हा मुद्दा कुणी काढत नाही. अशा वेळी मी आता वाक्य दोनदा लिहितो: आधी ‘फाइल सापडत नाही, डिलीट झाली आहे का?’ आणि त्याचं उत्तर ‘हो’ आलं, तरच ‘केली ती कुणी?’