हॅशिंग आणि पासवर्ड : शाळेच्या कॉम्प्युटर क्लबसाठी दहा प्रश्नांची तयारी

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपलं की मुलं दुपारपर्यंत शाळेतच असतात. आठवी-नववीच्या कॉम्प्युटर क्लबची प्रश्नमंजूषा घ्यायला हा दिवस चांगला. दहाच प्रश्न पुरतात. पण या विषयात उत्तराचं एखादं अक्षर चुकलं तरी मुलं हुज्जत घालतात आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून प्रत्येक उत्तर आदल्या दिवशी आपल्याच लॅबमधल्या मशीनवर चालवून बघायचं, हे यादीतलं पहिलं काम.

त्यासाठी नेट लागत नाही. एका मशीनवर पायथॉन असलं की झालं, आणि तेच मशीन इन्व्हर्टरवर ठेवा, कारण दुपारी लाईट जाणार हे धरूनच चालायचं. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खुणांची ओळ. तो काढून देणाऱ्या वेबसाइट मुलांना दाखवू नका. तिथे ती हमखास स्वतःचा खरा पासवर्ड टाकून बघतात. मशीनवर एवढंच चालवा:

```
import hashlib
for s in ["hello", "hello\n"]:
    print(hashlib.sha256(s.encode("utf-8")).hexdigest())
```

पहिली ओळ `2cf24dba` ने आणि दुसरी `5891b5b5` ने सुरू व्हायला हवी. तशी झाली तर मशीन तयार आहे.

पहिला प्रश्न सोपा ठेवा, म्हणजे मागच्या बाकावरचाही हात वर येतो. एक अक्षर आणि अख्ख्या पुस्तकाची फाइल, दोन्हींचा एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश काढला तर कोणाचा लांब? उत्तर : दोन्ही सारखेच, ६४ खुणांचे. दुसरा त्याला जोडूनच : फळ्यावर दोन ओळी लिहा, एकीत मध्येच `g` घाला आणि हॅश कोणता नाही ते विचारा. सोळाच्या पायावरच्या आकड्यांत `0` ते `9` आणि `a` ते `f` एवढंच येतं, म्हणून `g` असलेली ओळ बाद.

तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबा. हॅशवरून मूळ पासवर्ड परत काढता येतो का? मुलं "हो, किल्ली असेल तर" म्हणतात, कारण त्यांनी कुलूपबंद मेसेजबद्दल ऐकलेलं असतं. उत्तर : नाही. एन्क्रिप्शनला किल्ली असते आणि माहिती परत मिळवण्यासाठीच ते करतात. हॅशला किल्लीच नसते. समजावताना फळ्यावर 17091948 या आकड्यांची बेरीज करा : ३९. आता नुसत्या ३९ वरून मूळ आकडा सांगा म्हणावं. मात्र इथे एक खुलासा लगेच करा. बेरीज ३९ येणारे दुसरे आकडे कोणीही चुटकीसरशी शोधेल. एसएचए-२५६ मध्ये तसा जोडीदार आजवर कोणाला सापडलेला नाही. हा फरक सांगितला नाही तर मुलं हॅशला बेरजेइतकंच कच्चं समजतात.

चौथा प्रश्न मशीनवर दाखवायचा. लिनक्सवर या दोन आज्ञा द्या आणि उत्तरं वेगळी का येतात ते विचारा:

```
echo hello | sha256sum
printf hello | sha256sum
```

उत्तर : `echo` शेवटी नवी ओळ जोडतं, `printf` जोडत नाही. तेच वरचे `5891b5b5` आणि `2cf24dba`. तुमच्या लॅबमध्ये विंडोज असेल तर नोटपॅडमध्ये `hello` लिहून `certutil -hashfile a.txt SHA256` चालवा. एंटर दाबून सेव्ह केलं असेल तर तिसरंच उत्तर येतं, कारण विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं. जुन्या विंडोज ७ वर हे उत्तर दोन-दोन अक्षरं सुटी करून छापलं जातं. ते पाहून "चुकलं" म्हणू नका. डोळ्यांना न दिसणारी एक खूण अख्खा हॅश बदलते, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं असलं की पुढचे प्रश्न सोपे जातात.

पाचवा : वेबसाइट तुमचा पासवर्ड साठवत नसेल तर तो बरोबर आहे हे तिला कळतं कसं? उत्तर : तुम्ही टाइप केलेल्याचा हॅश पुन्हा काढून साठवलेल्या हॅशशी ताडून बघते. एखादा गट पुढे जाऊन म्हणाला की "पासवर्ड विसरलो" वर जी साइट जुनाच पासवर्ड मेलने पाठवते तिने तो नीट ठेवलेला नाही, तर त्याला जादा गुण द्या. उत्तर अगदी बरोबर आहे.

सहाव्यासाठी एक चिठ्ठी छापून ठेवा. नावं नकोत, हजेरी क्रमांक चालतील. क्रमांक ७ समोर `8d969eef…`, क्रमांक १२ समोर `5e884898…`, क्रमांक १९ समोर पुन्हा `8d969eef…`. ही यादी चोरीला गेली तर एकही पासवर्ड न फोडता काय कळतं? उत्तर : ७ आणि १९ चा पासवर्ड एकच आहे. उत्तर आल्यावर मशीनवर `123456` आणि `password` चे हॅश काढून दाखवा. चिठ्ठीवरचे तेच निघतात. अंदाज करायचा, हॅश काढायचा, यादीत शोधायचा. फोडणं म्हणतात ते एवढंच. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले तेव्हा ते असेच, पासवर्डला आधी काहीही न जोडता काढलेले होते.

सातवा सॉल्टवर. प्रत्येकाच्या पासवर्डला हॅश करण्याआधी एक वेगळा, यादृच्छिक तुकडा जोडतात. तो गुप्त ठेवावा लागतो का? बहुतेक गट "हो" म्हणतात. उत्तर : नाही, तो हॅशच्या शेजारीच साठवतात, कारण पासवर्ड तपासताना तो लागतोच. त्याचं काम एवढंच की ७ आणि १९ चे हॅश वेगळे दिसावेत आणि एकदा काढलेला हॅश सगळ्यांवर चालू नये. युनिक्सवर ही युक्ती कशी वापरली ते रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलं आहे.

आठवा प्रश्न आपल्या भागाचा. कोणीतरी 17091948 हा पासवर्ड ठेवला. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, म्हणजे पक्का ना? उत्तर : नाही. फोडणारा दहा कोटी आकडे बघत बसत नाही, तो आधी तारखा बघतो. शंभर वर्षांत तारखा ३६,५२५ च असतात. मुक्तिसंग्रामाची तारीख असो नाहीतर स्वतःची जन्मतारीख, ती या एवढ्यातच कुठेतरी आहे.

नवव्या प्रश्नाआधी फळ्यावर हाच हिशोब पुढे न्या. यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा, कारण सगळ्या स्पर्धेचा गाभा इथे आहे. शाळेतल्या ३०० मुलांनी तारखाच पासवर्ड ठेवले आणि यादी चोरीला गेली असं धरा. एक मशीन सेकंदाला दहा लाख एसएचए-२५६ हॅश काढतं असंही धरा. चांगलं ग्राफिक्स कार्ड याच्या हजारो पट वेगात काढतं. सॉल्ट नसेल तर ३६,५२५ हॅश एकदाच काढायचे आणि ३०० ओळींत शोधायचे : सेकंदाचा पंचविसावा भागही लागत नाही. सॉल्ट असेल तर प्रत्येक मुलासाठी सगळं पुन्हा : १,०९,५७,५०० हॅश. जास्तीत जास्त अकरा सेकंद. तीनशे पट काम वाढूनही अकराच सेकंद, हे मुलांच्या तोंडून वदवून घ्या. मग प्रश्न विचारा : सॉल्ट आहे, एसएचए-२५६ चांगला आहे, तरी पासवर्डसाठी नुसता तो का वापरत नाहीत? उत्तर : तो फार वेगवान आहे. पासवर्डसाठी मुद्दाम सावकाश चालणारी पद्धत लागते, जसं की १९९९ मधलं बीक्रिप्ट किंवा २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत जिंकलेलं आर्गॉन२.

एका हॅशला पाव सेकंद लागेल असं बीक्रिप्ट लावलं तर तीच यादी पूर्ण तपासायला जवळपास ३२ दिवस लागतात. लॉगिन करणाऱ्याला पाव सेकंद जाणवतही नाही. बीक्रिप्टमध्ये कॉस्ट नावाचा आकडा असतो, तो एकने वाढवला की वेळ दुप्पट होतो, दोन गटांची बरोबरी झाली तर "१० चा १२ केला तर किती पट?" हे विचारा, उत्तर चार. पण हिशोब इथे सोडू नका. फोडणाऱ्याला ३०० पैकी एकाच मुलाचा पासवर्ड हवा असेल तर? ३६,५२५ ला पाव सेकंदाने गुणा : अडीच तास. म्हणजे सॉल्ट आणि बीक्रिप्ट दोन्ही असूनही तारखेचा पासवर्ड दुपारच्या सुट्टीपासून संध्याकाळपर्यंतच टिकतो. तारखेऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घेतले की शक्यता इतक्या वाढतात की असा हिशोब करायला फळा पुरत नाही.

दहावा प्रश्न मराठीतून टाइप करणाऱ्यांचा, आणि मला सगळ्यांत आवडतो तो हाच. पासवर्डमध्ये "पायऱ्या" हा शब्द आहे. मोबाइलवर चालतो, लॅबमध्ये चालत नाही, आणि दोन्हीकडे दिसतो मात्र सारखाच. का? उत्तर : त्यातला "ऱ" दोन प्रकारे साठवता येतो, एकाच खुणेने किंवा "र" आणि खालचा नुक्ता अशा दोन खुणांनी. बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा. आदल्या दिवशी हे चालवून ठेवा:

```
import unicodedata as u
a, b = "\u0931", "\u0930\u093c"
print(a == b, u.normalize("NFC", b) == a)
```

उत्तर `False True` येतं. हॅश करण्याआधी प्रोग्रामने दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायला हवीत, त्यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. एक अडचण तरीही राहते. काही कीबोर्ड हाच आकार "र", हलन्त आणि न दिसणारी एक जोडखूण वापरून काढतात, आणि ते रूप या नॉर्मलायझेशनने सारखं होत नाही. म्हणून कोणी "कीबोर्ड वेगळा असल्यामुळे" एवढंच म्हणालं तर अर्धे गुण द्या, आणि "बाइट वेगळे" म्हटलं तरच पूर्ण. "फॉन्ट वेगळा" या उत्तराला शून्य. फॉन्ट फक्त दिसणं बदलतो, हॅशपर्यंत तो पोचतच नाही.