दुसऱ्या नियतकालिकासाठी संदर्भसूची बदलताना

नागपुरी संत्र्याच्या साठवणुकीवरचा आमचा लेख नाकारला गेला, तेव्हा त्यातली संदर्भसूची एपीए पद्धतीने, म्हणजे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली होती. नव्या नियतकालिकाला मात्र व्हँकूव्हर पद्धत, म्हणजे मजकुरात उल्लेख येईल त्या क्रमाने आकडे हवे होते. अशी सूची हाताने बदलू नये. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडण्या शाबूत असलेली प्रत उघडून Document Preferences मध्ये शैली बदलली की क्रम आपोआप लागतो. Unlink Citations करून त्या जोडण्या तोडलेल्या प्रतीत तो लागत नाही, म्हणून जुनी प्रत जपावी. खरी मेख वाक्यांत असते: ‘(राव, २०१९) यांनी दाखवले’ याचे ‘(४) यांनी दाखवले’ असे विचित्र रूप होते, तेव्हा तिथे आडनाव स्वतः लिहावे लागते.