पान नाही, की उल्लेख नाही?

गृहनिर्माण संस्थांना दुरुस्ती आणि पुनर्विकासाबाबत सल्ला देणाऱ्या कार्यालयात मी काम करते. जाडजूड कागदपत्रं वाचून कमिटीसाठी दोन पानी टिपण करणं हे माझं रोजचं काम आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी मुंबईतल्या एका संस्थेची हकीकत आवर्जून सांगते.

इमारत तिशी ओलांडलेली, अ आणि ब अशा दोन विंगा. जुन्या कमिटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून पालिकेत दिलं होतं, पण स्वतःची प्रत जपली नव्हती. म्हणून नव्या कमिटीने माहिती अधिकारात अर्ज करून ती मिळवली. निष्कर्षाच्या पानावर वर्ग होता सी-2बी, म्हणजे घरं रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. या अहवालावर दुरुस्तीच्या निविदा काढायच्या, की आधी ताजी तपासणी करून घ्यायची, हे कमिटीला ठरवायचं होतं.

पान 8 आणि 9 वर काळ्या पट्ट्या होत्या. मी बराच वेळ त्यांच्यातच अडकले. नीट पाहिल्यावर कळलं की झाकलेले फक्त सदनिका क्रमांक आणि मालकांची नावं आहेत. शेजारच्या रकान्यात ‘सज्जाचा गिलावा सुटलेला, सळया उघड्या’ हे सगळं वाचता येत होतं. म्हणजे नुकसान किती हे कळत होतं, कोणाच्या घरी हे कळत नव्हतं. निविदा काढायच्या की नाही, याला त्याने बाधा येत नव्हती. टेकू आधी कुठे लावायचे, याला मात्र येत होती. टिपणात मी तेवढंच लिहिलं. माहितीचा काही भाग वगळला असेल, तर तसं कळवणं, कारण देणं आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव-पदनाम सांगणं कायद्याच्या कलम 10 प्रमाणे बंधनकारक आहे. त्यामुळे पट्टी दिसली की सोबतचं पत्र आधी वाचावं. नाव किती लांब असेल, यावरून अंदाज बांधत बसू नये.

खरी चूक दुसरीकडे झाली. मी लिहिलं, ‘22 खांबांची गंज-चाचणी झाली, त्यांपैकी 3 ठिकाणी धोका.’ ही हाफ सेल चाचणी असते. तिचं वाचन उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात. आमच्या वरिष्ठ मॅडमनी टिपण वाचलं आणि एवढंच विचारलं, “पावती कुठेय?”

पावती 92 रुपयांची होती. पानाला 2 रुपये, म्हणजे 46 पानं. आमच्या हातात 41 होती. मी पानं स्वतः मोजून वर पेन्सिलीने आकडे घातले होते, तळाशी छापलेले बारीक क्रमांक पाहिलेच नव्हते. ते पाहिल्यावर 24, 26, 28, 30 आणि 32 नव्हती. सगळी सम पानं! मूळ तक्ते पाठपोट छापलेले होते आणि झेरॉक्स काढताना मागची बाजू राहून गेली होती. सलग पानं गायब असतील तर कारण वेगळं असू शकतं. एकाआड एक गेली असतील तर बहुतेक वेळा हेच असतं.

दुर्दैव असं, की प्रत्येक कागदाच्या पुढच्या बाजूला अ विंग होती आणि पाठीमागे ब. म्हणजे ब विंगचा एकही आकडा आमच्याकडे नव्हता. हाती आलेल्या निम्म्यावरून उरलेल्या निम्म्याचा अंदाज बांधायला इथे काहीच आधार नव्हता. अहवालाच्या सुरुवातीला ‘एकूण 44 खांब तपासले’ असं स्वच्छ छापलं होतं. ते वाक्य मी वाचलं होतं, पण तक्त्यातल्या 22 शी ताडून पाहिलं नव्हतं.

काळी पट्टी निदान डोळ्यांना दिसते, गायब पान दिसत नाही. म्हणून वाचायला बसण्याआधी मी आता छापील क्रमांक, पावती, अनुक्रमणिका आणि ‘सोबत जोडले आहे’ असं म्हटलेलं प्रत्येक परिशिष्ट जुळवते. मगच ‘उल्लेख नाही’ हे शब्द वापरते. अहवालात उल्लेख नसणं आणि आमच्या प्रतीत ते पान नसणं, यांवरून कमिटीचे निर्णय अगदी वेगवेगळे होतात.

टिपणातलं ते वाक्य आम्ही असं बदललं: ‘अहवालानुसार 44 खांब तपासले. आपल्याकडे फक्त अ विंगच्या 22 खांबांचे आकडे आहेत. त्यांत 3 ठिकाणी वाचन धोक्याच्या पातळीत. ब विंगची पाने (24 ते 32 मधील सम पाने) प्रतीत नाहीत. ती मिळेपर्यंत ब विंगच्या खांबांबद्दल काहीही म्हणता येत नाही.’ हे शेवटी तळटीपेत न टाकता अगदी वर, निविदेच्या शिफारशीला लागूनच घातलं. कमिटीचे लोक बहुधा पहिलाच परिच्छेद वाचून बैठकीला येतात.

पावतीची प्रत जोडून जनमाहिती अधिकाऱ्यांना पत्र दिलं. उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाची 30 दिवसांची मुदत चुकू नये, म्हणून तारीखही टिपणातच लिहून ठेवली. अपिलाची वेळ आली नाही, पानं आली. ब विंगच्या 22 खांबांपैकी 9 ठिकाणी वाचन उणे 350 च्या खाली होतं, बहुतेक पाण्याच्या टाकीच्या बाजूला. कमिटीने निविदा थांबवल्या आणि ब विंगची तपासणी नव्याने करून घेतली.